हंसध्वनी : एक राग, दोन रीती

कर्नाटक संगीत म्हणजे आपलेच संगीत, भाषा तेवढी निराळी, असा समज आम्हां अकलूजकरांतही आढळतो. तो पारखण्यासाठी आपण हंसध्वनी हा एकच राग घेऊ. सा, रे, ग, प, नी एवढेच त्याचे स्वर. रामस्वामी दीक्षितांनी तो निर्माण केला. त्यांचे पुत्र मुत्तुस्वामी यांची 'वातापि गणपतिम्' ही कृती त्याच रागातली. पुढे मुंबईच्या भेंडीबाजार घराण्यातील अमान अली खाँ यांनी तिच्या वळणावर 'लागी लगन' ही बंदिश बांधली.

कृतीचे भाग तीन : पल्लवी, अनुपल्लवी, चरण. गायक ती आरंभापासून शेवटपर्यंत गातो. पल्लवीची ओळ फिरून फिरून, दर वेळी थोडी अधिक नटवून येते; या 'संगती'सुद्धा बहुधा गुरूकडून पाठ झालेल्या असतात. गायकाला खरी मोकळीक मिळते ती आधीच्या आलापनात आणि एखादी ओळ धरून केलेल्या स्वरकल्पनेत. आपल्या ख्यालात मात्र बंदिश दोन लहान तुकड्यांची, स्थायी आणि अंतरा. ती संपवण्याची कोणालाच घाई नसते. आलाप, बोल, ताना घेऊन गायक वारंवार मुखड्याने समेवर येतो. बंदिश ही त्याची खुंटी.

पण कान अडतो तो गमकापाशी. तिकडे निषाद षड्जाला स्पर्श करीत झुलतो. आपण तो स्थिर ठेवतो, किंवा मींडेने षड्जात नेतो. त्यांचा निषाद आपल्याला डळमळीत वाटतो. आपला त्यांना, आमच्या समजुतीप्रमाणे, उघडाबोडका वाटत असावा.