पोटीस कधी बांधावे, कधी नाही

रावेर भागातल्या एका मळ्यात केळीची कापणी चालली होती. घड खांद्यावर घेऊन येताना एका मजुराचा पाय पाटाच्या कडेवर मुरगळला. रात्री आईने हळद-चुना शिजवून कढत लेप घोट्यावर लावला आणि केळीचे पान आवळून बांधले. सकाळी पाहिले तर पाय दुप्पट सुजलेला आणि कातडीवर फोड आलेले.

आईचा हेतू चांगला होता, पण वेळ चुकली. पाय मुरगळला की आतल्या बारीक शिरा फुटून रक्त झिरपते. शेकाने रक्त अधिकच धावून येते व सूज वाढते. चुन्याने कातडी भाजते, आणि आवळलेल्या पानाखाली ते लवकर कळतही नाही. म्हणून पहिले दोन दिवस माठाच्या पाण्यात भिजवलेले फडके ठेवावे, पाय उशीवर उंच ठेवावा व चोळू नये. तिसऱ्या दिवशी सूज उतरू लागली, तर हळद व तेलाचा कोमट लेप चालेल. चुना मात्र नको. चार पावलेही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर लेपाच्या नादी न लागता फोटो काढून घ्यावा. या मजुराच्या हाडाला चीर निघाली.

करटाची गोष्ट उलटी आहे. तिथे रक्त धावून यावे हेच आपल्याला हवे असते, म्हणजे करट लवकर पिकते. मूठभर कणीक, अर्धा चमचा हळद व थोडे तेल पाण्यात कालवून मऊ शिजवावे. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. तिथे सोसले तरच स्वच्छ फडक्यात घालून करटावर ठेवावे. वरून विस्तवावर मऊ केलेले केळीचे पान घालावे. पान हे काही औषध नव्हे, ते ऊब व ओल धरून ठेवते. करप्यासाठी फवारणी झालेल्या बागेतले पान घेऊ नये. चीक कपड्याला लागला तर डाग जात नाही, हेही ध्यानात असू द्या! पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा एवढे पुरे. दर वेळी पोटीस ताजे करावे.

करट फुटले की पोटीस बंद करावे. उघड्या जखमेत कणीक-हळद भरली तर घाण आतच राहते. मग साबणाने हात धुऊन, कोमट पाण्याने जखम पुसून कोरडी पट्टी बांधावी. पिळू तर मुळीच नये.

नाकावर किंवा वरच्या ओठावर करट आले, ताप भरला, लाल रेघ वर चढू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मधुमेही माणसाच्या पायाला चटका कळत नाही, त्याला शेक देऊच नये. आणि ज्याला करटे पुन्हा पुन्हा येतात, त्याची साखर तपासून घ्यावी.