निरोपाच्या भाषणात इन्सुलिनची सिरिंज

नर्सिंग कॉलेजच्या पदवीदान समारंभात आभाराची भाषणं बहुधा एकाच साच्यातली असतात. गुरुजनांचे ऋण, रुग्णांचे आशीर्वाद, मग टाळ्या. बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीने मात्र मॅडमचे आभार मानले ते एका सिरिंजसाठी.

वॉर्डात तिला मधुमेहाच्या एका आजींना दहा युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात: एक मिलिलिटरमध्ये 40 युनिट किंवा 100 युनिट. सिरिंजही त्यानुसार वेगळी. 40 ची लाल टोपणाची, 100 ची केशरी. तिच्या हातात बाटली 100 ची आणि सिरिंज 40 ची होती. दहाच्या खुणेपर्यंत औषध भरलं असतं तर पाव मिलिलिटर, म्हणजे पंचवीस युनिट गेलं असतं. साखर झपाट्याने उतरली असती; घाम, थरथर, बेशुद्धीही. मॅडम ओरडल्या नाहीत. ‘‘बाटलीवरचा आकडा मोठ्याने वाच,’’ एवढंच म्हणाल्या.

आजींचं नाव तिने घेतलं नाही, गावही सांगितलं नाही. रुग्णाची ओळख व्यासपीठावरही उघड करायची नसते. (हे भान भाषण लिहिताना अनेकांचं सुटतं.) ‘‘त्या आजींनी सगळं पाहिलं होतं,’’ ती म्हणाली, ‘‘तरी दुसऱ्या दिवशी सुईसाठी मलाच हाक मारली. त्यांचे आभार मानायचे राहिले होते.’’