फंडाचा परतावा कोणत्या तारखेपासून मोजला?

२३ मार्च २०२० रोजी निफ्टी ५० निर्देशांक ७,६१० वर बंद झाला. वर्षभराने तो १४,८०० च्या वर होता, म्हणजे जवळपास दुप्पट. साहजिकच इंडेक्स फंडाचा एका वर्षाचा परतावा डोळे दिपवणारा दिसला. पण मार्च २०१९ मध्ये पैसे गुंतवलेल्याला त्याच फंडात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश फटका बसला होता.

रोलिंग परताव्यात सोयीची तारीख निवडता येत नाही. समजा, दहा वर्षांची आकडेवारी आहे. पहिल्या सात वर्षांतला प्रत्येक दिवस सुरुवात धरून पुढच्या तीन वर्षांचा वार्षिक परतावा काढायचा. मग सरासरीइतकंच हेही पाहायचं: सर्वांत वाईट आकडा कोणता आणि तोटा किती वेळा झाला?