मामांची पायरी

माझे धाकटे मामा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होते आणि तंबाखू खायचे. दुपारचं जेवण झालं, हात धुतले, की ते बाहेरच्या पायरीवर येऊन बसत. खिशातून दोन्ही बाजूंनी उघडणारी डबी निघे. डाव्या तळहातावर तंबाखूची चिमूट, त्यावर नखाने काढलेला चुना, मग उजव्या अंगठ्याने मळायला सुरुवात. समोरच्याशी गप्पा चालूच. शेवटी दोन थापा, उडालेल्या भुकटीने शेजारच्याला शिंक, आणि बार खालच्या ओठात.

पुढे त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. आठवडाभर दवाखाना, नंतर महिनाभर पुण्याला मुलीकडे मुक्काम. एवढ्या दिवसांत तंबाखू अजिबात नाही. पहिले चार-पाच दिवस चिडचिड झाली, झोप उडाली, मग तेही निवळलं. ‘सुटली बघ,’ असं ते मला फोनवर म्हणाले होते. घरी परतले, पहिल्याच दिवशी जेवून पायरीवर टेकले आणि तोंडाला पाणी सुटलं. ‘मनात काहीही नव्हतं रे,’ ते नंतर सांगत, ‘पण बघतो तर डावा तळवा उघडलेला.’ संध्याकाळी डबी परत भरली गेली.

घरच्यांनी याला मनाचा कमकुवतपणा म्हटलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. त्या एका मिनिटात दोन वेगळ्या गोष्टी घडल्या होत्या: तोंडाला पाणी सुटलं आणि हात पुढे आला. मानसशास्त्रात या दोहोंची दोन वेगळी घराणी आहेत. आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्याला अभिजात अभिसंधान आणि दुसऱ्याला साधक अभिसंधान म्हणतात. नावं जड आहेत, गोष्ट साधी आहे.

तोंडाच्या पाण्याची गोष्ट रशियातली. इव्हान पावलोव्ह हे मुळात पचनाचे अभ्यासक, त्यांना 1904 चं नोबेल मिळालं तेही पचनक्रियेवरच्या कामासाठी. सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत त्यांनी छोटी शस्त्रक्रिया करून कुत्र्याच्या लाळग्रंथीची नळी गालाबाहेर काढली होती, म्हणजे लाळ थेंबाथेंबाने मोजता येई. कुत्र्याच्या तोंडात अन्न पडलं की लाळ सुटणारच, ते शिकवावं लागत नाही. पण अन्न येण्याआधी दरवेळी मेट्रोनोमची टिकटिक ऐकवली, तर काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीवरच लाळ गळू लागते. (सगळ्यांच्या तोंडी घंटा असते, पण पावलोव्हच्या प्रयोगांत मेट्रोनोम आणि इतर अनेक संकेत होते. घंटेने उगाच भाव खाल्ला आहे.)

इथे लक्षात ठेवण्याजोगी बाब एकच. कुत्र्याने काहीही केलं किंवा न केलं, तरी टिकटिकीमागून अन्न येणारच होतं. कुत्रा फक्त ‘याच्यामागून ते येतं’ एवढं शिकला, आणि त्याचं शरीर आधीच तयारीला लागलं.

हातांची गोष्ट याच्या उलट. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइकने 1898 मध्ये भुकेल्या मांजरांना खोक्यात कोंडलं. आत एखादी दोरी ओढली किंवा खटका दाबला की दार उघडे आणि बाहेर ठेवलेलं खाणं मिळे. मांजर आधी ओरबाडे, चावे, धडका देई आणि कधीतरी चुकून खटका दाबला जाई. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर बाकीची धडपड गळत गेली आणि खटका दाबायला लागणारा वेळ कमी होत गेला. बी. एफ. स्किनरने पुढे हेच उंदीर, कबुतरं आणि तरफेच्या पेटीत घालून फार बारकाईने मोजलं. इथे खाऊ आपोआप येत नाही. केलं तर मिळतं, नाही केलं तर नाही. ज्या कृतीमागून सुख येतं किंवा त्रास जातो, ती कृती बळावते.

‘त्रास जातो’ हा भाग बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. तंबाखूतलं निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून रक्तात उतरतं. चुन्यामुळे लाळ अल्कधर्मी होते आणि ते अधिक वेगाने उतरतं, म्हणून तर चुना लागतो. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. नेहमी खाणाऱ्याला मग अस्वस्थ वाटू लागतं. नवा बार भरला की काही मिनिटांत ती अस्वस्थता ओसरते, आणि ही ओसरणंच बक्षीस ठरतं. शास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. ‘ऋण’ शब्दामुळे लोक याला शिक्षा समजतात, पण तसं नाही. इथे काहीतरी नकोसं काढून घेतलं जातं आणि त्यामुळे कृती घट्ट होते. गंमत अशी की ती अस्वस्थता मुळात तंबाखूनेच आणलेली असते.

पुडीवर 85 टक्के जागा व्यापणारं ते भयंकर चित्र असूनही माणूस ती का फोडतो, तेही इथे कळतं. साधक शिक्षणाला घाई असते. पाच मिनिटांत मिळणारा आराम कृतीला चिकटतो, वीस वर्षांनी होणारा कॅन्सर चिकटत नाही. मामांना चित्राचा अर्थ पक्का ठाऊक होता, पण हातांना तो शिकवलाच गेला नव्हता.

आता दोन्ही एकत्र बघा. शेवटचा घास, हात धुणं, पायरीचा गारवा, खिशातला डबीचा आकार, हे सगळे मामांचे मेट्रोनोम. त्यांच्यामागून वर्षानुवर्षं निकोटीन आलं, म्हणून नुसत्या पायरीने तलफ जागी होते. मळणं आणि बार भरणं ही मांजराने दाबलेल्या खटक्यासारखी कृती. तलफ पहिल्या वाटेने येते, तिच्यावरचा इलाज दुसऱ्या वाटेने होतो, आणि इलाज झाल्यामुळे दोन्ही वाटा आणखी पक्क्या होतात. प्रत्यक्ष सवयीत ही वीण उसवून वेगळी करणं कठीण असतं.

पण त्यातही एक पायरी पुढची आहे. 1982 मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅडम्स यांनी उंदरांना तरफ दाबून साखरेच्या गोळ्या मिळवायला शिकवलं. काही उंदरांनी तरफ शंभर वेळा दाबली होती, काहींनी पाचशे वेळा. मग पिंजऱ्याबाहेर त्या गोळ्या खायला देऊन नंतर मळमळ होईल असं औषध टोचलं. गोळ्या दोन्ही गटांच्या मनातून उतरल्या. आता पुन्हा तरफ समोर ठेवली, गोळी मात्र येत नव्हती. शंभरवाल्यांनी तरफ दाबणं बरंच कमी केलं. पाचशेवाले दाबतच राहिले. जी गोळी त्यांना नकोशी झाली होती, तिच्यासाठी.

माझ्या मते सवयीची इतकी नेमकी व्याख्या दुसरी नाही. सुरुवातीला कृती बक्षिसासाठी होते. खूपदा झाली की बक्षिसाचा दोर सुटतो आणि ती थेट संकेताला बांधली जाते. माणसांचंही असंच होतं. 2011 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात थिएटरमध्ये काहींना ताजं पॉपकॉर्न दिलं आणि काहींना सात दिवसांचं शिळं. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्नची पक्की सवय होती, त्यांनी शिळंही ताज्याइतकंच खाल्लं, आणि ते आवडलं नाही असंही सांगितलं. मीटिंगच्या खोलीत बसवून दिलं तेव्हा मात्र शिळं बाजूला ठेवलं. थिएटरमध्येच, पण नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितलं, तेव्हाही त्यांना शिळेपणा जाणवला आणि खाणं कमी झालं. हात बदलला की सवय अडखळते आणि चव पुन्हा लक्षात येते.

मग मामा पुण्यात महिनाभर तंबाखूवाचून राहिले, ते गेलं कुठे? पावलोव्हलाही हा प्रश्न पडला होता. टिकटिक वाजवत राहायची आणि अन्न द्यायचं नाही, तर लाळ कमी होत थांबते. याला विलोपन म्हणतात. पण काही काळ जाऊ दिला आणि पुन्हा टिकटिक केली, तर लाळ परत येते. जुनं शिक्षण पुसलेलं नसतं, त्याच्यावर नवं शिक्षण बसलेलं असतं. अमेरिकेतल्या व्हर्मोंट विद्यापीठात मार्क बूटन यांनी उंदरांवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की हे नवं शिक्षण जागेला बांधलेलं असतं. एका पिंजऱ्यात शिकवलं, दुसऱ्या पिंजऱ्यात विलोपन केलं आणि उंदीर पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवला, तर जुनी प्रतिक्रिया उभी राहते.

मामांचं तर विलोपनही झालं नव्हतं. पुण्यात ना पायरी होती, ना डबी. संकेत आला आणि तंबाखू आली नाही, असं एकदाही घडलं नाही. फक्त निकोटीनचा शारीरिक त्रास तेवढा संपला, जो बहुतेकांचा दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. हे कमी नाही, कारण आता बक्षिसाचं वजन घटलेलं होतं. पण पायरीवरचा मेट्रोनोम जसाच्या तसा होता.

दुसऱ्या खेपेला मामीने तर्कशास्त्राचा आधार न घेता जे केलं, ते शास्त्राच्या फार जवळ गेलं. पायरीवर कोरफडीच्या चार कुंड्या मांडल्या, म्हणजे टेकायला जागाच नाही. डबी भंगारात. जेवण झाल्यावर मामांनी परसात बसायचं आणि मामी टोपलीभर शेंगा समोर ठेवणार. शेंगा फोडायलाही दोन्ही हात लागतात आणि दाणा लगेच तोंडात पडतो. कृतीची जागा कृतीने घेतली, बक्षीस लहान का होईना, तिथल्या तिथे. पाच-सहा महिन्यांनी कुंड्या हळूहळू कडेला सरकल्या आणि मामा पायरीवरही शेंगाच फोडू लागले. तलफ पहिल्यांदा यायची, थोडा वेळ राहायची आणि जायची. पायरी आणि तंबाखूवाचूनची दुपार, ही जोडी त्यांच्या शरीराला प्रथमच शिकायला मिळत होती, आणि ती शिकायला पायरीवरच बसणं भाग होतं.

तीन वर्षांनी मामा जुन्या सोबत्याला भेटायला कारखान्यात गेले. रात्रपाळी नुकतीच सुरू झाली होती. दारातून मागांचा खडखडाट कानावर आला आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं, डावा तळवा उघडला. सोबत्याने त्यांच्याकडे पाहून हसत आपली डबी पुढे केली. मामांनी हात मागे घेतला, पण घरी येऊन मामीला म्हणाले, ‘तिथं उद्या पण जायला लागंल. खिशात शेंगा घालून दे.’