वरून दिसणारे अनबॉक्सिंग: प्रॉम्प्ट कसा लिहावा?

एआयकडून खोका उघडण्याचा व्हिडिओ करून घ्यायचा, तर प्रॉम्प्टमध्ये सर्वांत आधी कॅमेऱ्याची जागा सांगावी. नुसते ‘वरून’ म्हटले की दृश्य अनेकदा तिरके येते. त्याऐवजी असे लिहा: ‘कॅमेरा टेबलाच्या बरोबर वर, लेन्स सरळ खाली, पूर्ण वेळ स्थिर.’

मग टेबल: ‘फिकट लाकडी, मधोमध एकच तपकिरी खोका, बाकी काही नाही.’ ‘नीटनेटके’ एवढ्यावर भागत नाही. काय ठेवायचे ते मोजून सांगावे.

सगळ्यात अवघड हात. ‘चौकटीच्या खालच्या कडेने दोन हात येतात, झाकणाच्या पाकळ्या उघडतात, तांब्याचा पेला बाहेर काढतात.’ आठ सेकंदांना एवढी कृती पुरे. त्यात चिकटपट्टी कापणेही घातले, तर बोटे एकमेकांत मिसळतात आणि पुठ्ठा मेणासारखा वितळतो. म्हणून पट्टी आधीच कापलेली दाखवा. खोक्यावरची अक्षरेही बिघडतात. खोका कोराच ठेवा.

व्हिडिओ आला की तो थांबवत थांबवत पाहा आणि प्रत्येक हाताची बोटे मोजा. विक्रीसाठी वापरणार असाल, तर पेला तुमच्या खऱ्या मालासारखाच दिसला पाहिजे. नाहीतर ती ग्राहकाची फसवणूक ठरते.