वाफवलेल्या अंड्यास जाळी का पडते?

इडलीस जाळी पडली, म्हणजे ती साधली असे समजतात. पण त्याच भांड्यात, त्याच वाफेवर अंड्याचे कस्टर्ड शिजविले आणि त्यास जाळी पडली, तर मात्र ते बिघडले असे ठरते. चीन व जपान या देशांत घरोघर होणाऱ्या या पदार्थाची परीक्षा त्याच्या पृष्ठभागावरूनच करतात. तो आरशासारखा गुळगुळीत असावा आणि चमच्याने तोडला असता आत एकही छिद्र दिसू नये. खरवस ज्यांनी खाल्ला आहे, त्यांस या मऊपणाची कल्पना सहज येईल.

कर्नाटकातील म्हैसूर जिल्ह्यात, कपिला नदीच्या परिसरात, सरगूर हे गाव आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे 700 मीटर. मुंबईस बिनचूक साधलेली कृती येथे जशीच्या तशी केली, तर कस्टर्डास जाळी पडण्याचा संभव अधिक असतो. त्याचे कारण पाहण्यापूर्वी पाण्याचे प्रमाण ठरविले पाहिजे.

दोन मध्यम अंडी फोडली असता साधारण 100 मिलिलिटर द्रव मिळतो. त्यात 150 मिलिलिटर पाणी घातल्यास कस्टर्ड घट्ट होते, 200 मिलिलिटर घातल्यास मऊ व थरथरते. जपानी कृतीत अंड्याच्या तिप्पट सार घालतात. ते वाटीतूनच खावे लागते. अंड्यातील प्रथिनांचे धागे उष्णतेने उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या विणीत पाणी अडकून राहते. पाणी वाढविले की धागे दूर दूर होतात, म्हणून निव्वळ अंडे ज्या उष्णतेस थिजते, तीहून अधिक उष्णता, सुमारे 80 अंश सेल्सिअस, या मिश्रणास लागते. मीठ चिमूटभर तरी हवेच, आणि ते केवळ चवीसाठी नव्हे. मिठावाचून धागे एकमेकांस दूर लोटतात व नुसत्या पाण्यात कालविलेले अंडे नीट थिजत नाही.

आता छिद्रांकडे वळू. अंडे फेटताना त्यात हवेचे बुडबुडे शिरतात, आणि पाण्यातही थोडी हवा विरघळलेली असतेच. मिश्रण तापू लागले की प्रत्येक बुडबुड्यात भोवतालची वाफ भरते. बुडबुड्यातील हवा व वाफ मिळून बाहेरच्या दाबाशी तोल सांभाळतात. वाफेचा वाटा वाढला की हवेचा घटतो, म्हणजेच तीच हवा अधिक जागा व्यापते. सरगूरच्या उंचीवर हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे 700 मिलिमीटरइतका असतो. त्यावरून हिशेब केला, तर 27 अंशांवरचा बुडबुडा 80 अंशांवर सव्वादोन पट, 90 अंशांवर पावणेपाच पट आणि 95 अंशांवर सुमारे तेरा पट होतो. मुंबईस 95 अंशांवर तो सातपटच होईल. 80 अंशांवर मात्र दोन्ही ठिकाणी फारसे अंतर नाही. उंचीचा उपद्रव होतो तो असा, शिजण्याची गरज भागून गेल्यावरच्या उष्णतेत. कस्टर्ड त्या वेळी थिजलेले असल्याने बुडबुड्यास वर निसटता येत नाही, आणि तो जागच्या जागी फुगून भोक पाडतो. शिवाय अति तापलेले धागे आवळून पाणी बाहेर पिळतात. ते त्याच भोकांत साठते.

म्हणून मिठाचे पाणी आधी उकळून कोमट होऊ द्यावे. उकळल्याने त्यातील हवा बरीच निघून जाते. अंडी फेस न आणता, चमचा तळाशी ठेवून कालवावीत. मग पाणी मिसळून मिश्रण पातळ फडक्यातून गाळावे व वरचा फेस चमच्याने काढून टाकावा. वाटीवर ताटली झाकावी, नाही तर झाकणावरून गळणारे थेंब पृष्ठभागावर खड्डे पाडतात. मोदकपात्रातील पाणी खळखळू देऊ नये. झाकणाखाली एक काडी आडवी ठेवली की वाफेस वाट मिळते व आतील उष्णता उतरते. उथळ वाटीस अशा मंद वाफेवर बारा ते पंधरा मिनिटे पुरतात. वाटी हलविली असता मध्यभाग दह्यासारखा थरथरावा, आणि सुई टोचली असता गढूळ नव्हे, स्वच्छ पाणी दिसावे.

चूक कोठे झाली, हे भोकांवरूनच कळते. बारीक, उथळ टिंबे वरच्या थरातच असतील, तर फेस काढण्यात हयगय झाली. भोके मोठी, वाटीच्या कडेशी व तळाशी दाटलेली आणि पाण्याने भरलेली असतील, तर आच जास्त झाली. कारण उष्णता तेथूनच आत शिरते. या दुसऱ्या प्रकारात अंडे कितीही काळजीपूर्वक गाळलेले असले, तरी उपयोग नाही. अशा वेळी पाणी कमी करून पाहण्याचा मोह होतो, पण त्याने कस्टर्ड केवळ घट्ट होते, जाळी तशीच राहते.