होल्डिंग्जच्या स्टेटमेंटमध्ये नेमकं काय पाहाल?

ब्रोकरच्या अ‍ॅपमधून होल्डिंग्जचं स्टेटमेंट उतरवून घेतलं की बहुतेकांची नजर थेट नफा-तोट्याच्या रकान्यावर जाते. त्याआधी सरासरी खरेदीभाव तपासायला हवा, कारण नफ्याचा आकडा त्यावरच उभा असतो.

समजा, एका बँकेचे ४० शेअर १,५०० रुपयांना घेतले आणि पुढे २० शेअर १,८०० ला. दोन भावांची साधी सरासरी १,६५० येते. पण स्वस्तातले शेअर दुप्पट आहेत. म्हणून ६०,००० अधिक ३६,०००, भागिले ६०, अशी भारित सरासरी १,६०० होते. आता यातले ३० विकले. डीमॅट खात्यात आधी घेतलेले शेअर आधी विकले गेले, असं प्राप्तिकराच्या हिशेबात धरतात. उरले १,५०० चे १० आणि १,८०० चे २०. सरासरी झाली १,७००! एकही नवा शेअर न घेता ती शंभराने चढली, तरी हिशेब बरोबरच आहे.

चूक शिरते ती दुसरीकडून. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, तेव्हा भाव साधारण निम्म्यावर आला. अशा वेळी बोनसचे शेअर खात्यात जमा होईपर्यंत स्टेटमेंट मोठा तोटा दाखवू शकतं. दुसऱ्या डीमॅटमधून आणलेल्या शेअरांचा जुना भाव तर नव्या ब्रोकरला ठाऊकच नसतो. सरासरीच्या जागी शून्य किंवा मोकळी जागा दिसली, तर जुन्या काँट्रॅक्ट नोट काढून तो भाव स्वतः भरावा.

क्षेत्राचा वाटा काढताना मात्र खरेदीभाव बाजूला ठेवून आजचं मूल्य घ्यायचं, कारण उद्या घसरणार आहे ती आजची रक्कम. पाच लाखांचा एक काल्पनिक पोर्टफोलिओ घेऊ. एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक आणि बजाज फायनान्स मिळून अडीच लाख. इन्फोसिस आणि टीसीएस मिळून एक लाख. आयटीसी आणि सन फार्मा प्रत्येकी ७५ हजार. कंपन्या सात, पण वित्तीय क्षेत्राचा वाटा ५० टक्के. उरलेले वाटे २०, १५ आणि १५.

या वाट्यांचे वर्ग करून बेरीज करा: ०.२५ + ०.०४ + ०.०२२५ + ०.०२२५ = ०.३३५. एकाला या बेरजेने भागलं की जवळजवळ तीन येतात. म्हणजे चार क्षेत्रं दिसत असली, तरी पैसा समान वाटलेल्या तीन क्षेत्रांइतकाच विखुरलेला आहे.

निफ्टीचा ईटीएफ असेल तर तो ‘इतर’मध्ये टाकू नका. निफ्टी ५० मध्ये साधारण एक तृतीयांश वजन वित्तीय कंपन्यांचंच असतं. तेवढा भाग त्या क्षेत्रात मिळवा आणि मगच नवा बँक शेअर घ्यायचा की नाही ते ठरवा.